बाळाच्या स्वेटरसाठी अ‍ॅक्रिलिक, मेरिनो की सुती दोरा? (मऊपणा आणि धुणे)

गोदाकाठ | १२ सप्टेंबर, सकाळी १०.४०

नमस्कार. माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण डिसेंबरच्या सुरुवातीला आहे. ती नाशिकला माझ्याकडेच येणार असून फेब्रुवारीअखेर पुण्याला परत जाईल. बाळासाठी पुढून उघडणारा, बटणांचा एक स्वेटर हाताने विणावा असे मनात आहे. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी असते, पण दुपारी मात्र ऊन चांगले तापते. त्यामुळे तो स्वेटर दिवसातून दोन-तीन वेळा घालावा आणि काढावा लागेल.

मी गेली तीस वर्षे विणते आहे, पण नेहमी दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळाले तेच वापरले. या वेळी दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. एक नेहमीचे मऊ 'बेबी' लोकरीचे गुंडे, दुसरी मेरिनो, जी जवळजवळ चौपट महाग होती, आणि तिसरा सुती दोरा. हाताला तिन्ही मऊ लागले. खरे सांगायचे तर सगळ्यांत मऊ तो स्वस्त गुंडाच वाटला. माझे प्रश्न दोनच आहेत. बाळाच्या त्वचेला खरोखर मऊ काय राहील? आणि बाळाचे कपडे रोजच धुवावे लागतात, तेव्हा धुण्यात काय टिकेल? पहिले तीन महिने धुणे माझ्या हाताने होईल, त्यानंतर मुलीच्या घरी यंत्रात. जाडी चार पदरी घेणार आहे आणि सुया दहा नंबरच्या.

शिशिरपान | १२ सप्टेंबर, दुपारी १.१५

अभिनंदन, काकू. माझे मत अगदी स्पष्ट आहे. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच आहे, ते बाळाच्या अंगाला लावूच नये. मेरिनो शेवटी लोकरच, ती टोचणार. सुती दोरा नैसर्गिक आहे, घाम शोषतो आणि गरज पडली तर उकळत्या पाण्यातही धुता येतो. आपल्या आजी-पणज्यांनी बाळांना सुतीच घातले. डोळे मिटून सुती घ्या.

सह्यकडा | १२ सप्टेंबर, दुपारी ३.५०

लोकर टोचते याच्याशी सहमत आहे. आमच्या घरी आजोबांची घोंगडी अजून आहे. ती उबदार कितीही असली तरी उघड्या अंगावर पाच मिनिटे घेता येत नाही. वडील आता ऐंशीचे झाले असून त्यांच्यासाठी अंगावर घ्यायला एखादी मऊ शाल हवी आहे. ती मेरिनोची घ्यावी की अ‍ॅक्रिलिकची, हे याच धाग्यात कोणी सांगू शकेल का?

उलटसुलट | १२ सप्टेंबर, रात्री ९.०५

गोदाकाठ ताई, मी अनेक वर्षे कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे आणि स्वतः विणतेही. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी घोंगडीविषयी. सह्यकडा यांचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून सगळ्याच लोकरीला टोचरी म्हणता येणार नाही. लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. तंतूचे टोक त्वचेवर दाबले गेले आणि तंतू बारीक असला, तर ते टोक वाकते. जाड असले तर वाकत नाही आणि त्वचेला टोचते. ही सीमा साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास आहे. त्याहून जाड तंतूंचे प्रमाण शेकड्यात पाचच्या वर गेले की बहुतेक लोकांना कापड टोचू लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ असते, म्हणून तिची घोंगडी दणकट होते, पण टोचते. बाळाच्या कपड्यांसाठी विकली जाणारी मेरिनो साधारणपणे १९-२० मायक्रॉनच्या आतली असते. दोन्ही मेंढीचीच लोकर आहे, परंतु स्पर्शाच्या दृष्टीने त्यांच्यात नात्यापुरतेही साम्य नाही. ज्यांना इसब आहे अशा लहान मुलांवर मेलबर्नमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अतिशय बारीक मेरिनोचे कपडे घातलेल्या मुलांची त्वचा सुती कपडे घातलेल्या काळापेक्षा सुधारलेली आढळली. मुले थोडीच होती, म्हणून मी त्याला औषध म्हणणार नाही. पण 'लोकर म्हणजे खाज' हे सरसकट खरे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आता दुकानातल्या मऊपणाविषयी. अ‍ॅक्रिलिकचा गुंडा हाताला सगळ्यांत मऊ लागला, याचे एक कारण असे की गिरणीतून बाहेर पडताना त्यावर मऊपणा आणणारे द्रव्य चढवलेले असते. काही धुण्यांत ते बरेचसे निघून जाते. शिवाय स्वस्त मऊ गुंड्यांना पीळ कमी असतो. कमी पिळाचे तंतू लवकर सुटतात आणि काखेत, मनगटाशी त्यांच्या गोळ्या होतात. सुतीचे नेमके उलट आहे. दुकानात तो थोडा ताठ वाटतो आणि चार-पाच धुण्यांनंतर मऊ होतो. मेरिनो नीट धुतली तर जशी घेतली तशीच राहते. चुकीची धुतली तर एकाच दिवसात तिचा नमदा होतो. म्हणून दुकानात हात लावून ठरवू नका. विणलेला चौकोनी नमुना तीनदा धुऊन मगच ठरवा.

शेवटी, आपल्याकडे 'लोकर' हा शब्द सुयांवर विणण्याच्या सगळ्याच दोऱ्यांना वापरतात, ही मोठीच अडचण आहे. गुंड्यावरची पट्टी वाचा. पट्टी नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, बाळापासून दूर जाळून पाहा. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा काळा कडक मणी होतो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, तिची राख बोटांनी सहज चुरडते आणि ज्योत दूर केली की ती बहुधा विझते. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मागे हलकी करडी राख उरते.

मोगरा | १३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

मी ठाण्याची. माझ्या मुलाला सासूबाईंनी विणलेला अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर आणि कानटोपी होती. दिसायला फार सुंदर होती, पण जानेवारीतही दुपारी त्याच्या मानेवर घाम साचायचा आणि घामोळे उठायचे. डॉक्टरांनी स्वेटर काढायला सांगितले आणि दोन दिवसांत त्वचा स्वच्छ झाली. तेव्हापासून मी अ‍ॅक्रिलिकच्या विरोधात आहे. मात्र हेही मान्य करते की तो स्वेटर मी शंभर वेळा तरी यंत्रात धुतला असेन आणि आज धाकटीला तोच होतो आहे. आकार तसूभरही बदललेला नाही.

शिशिरपान | १३ सप्टेंबर, सकाळी ९.००

मोगरा यांनी माझेच म्हणणे सिद्ध केले.

उलटसुलट | १३ सप्टेंबर, सकाळी ११.३०

मोगरा, आपण लिहिलेले घडते आणि त्याचे कारण आहे. अ‍ॅक्रिलिक तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम त्वचेवर राहतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. बाळाच्या बाबतीत हा फरक मला मऊपणापेक्षाही मोठा वाटतो. पण ठाण्याच्या दुपारी मुळात स्वेटरच जास्त होता, हेही त्यात आहे. मेरिनो असती तरी तेथे तो काढावाच लागला असता.

शिशिरपान यांचे अर्धे बरोबर आहे. बाळाच्या अंगाला लागून सुतीच असावे आणि ते असतेच. आत सुती झबले, वर स्वेटर. म्हणजे स्वेटर प्रत्यक्ष त्वचेला तीनच ठिकाणी लागतो, गळ्याशी, मनगटांशी आणि बाळाने तोंडात धरलेल्या बाहीच्या टोकाशी. मऊपणाची परीक्षा त्या तीन जागांसाठी करावी. नमुना हाताच्या तळव्यावर घासून काही कळत नाही, कारण विणणाऱ्या बाईचा तळवा निबर असतो. नमुना आपल्या मानेला, ब्लाउजच्या गळ्याच्या कडेत खोचून तासभर घरकाम करा. खाज आली किंवा त्वचा लाल झाली, तर तो दोरा बाद.

पण सुती दोऱ्याचा स्वेटर सुचवताना एक गोष्ट सुटते. सुताला ताण परत घेण्याची शक्ती फार थोडी असते. झबल्याचे कापड मागावर किंवा यंत्रावर घट्ट विणलेले असते, तेथे ते चालते. हाताच्या विणीत बाहीची आणि कमरेची बॉर्डर एक सुलट-एक उलट अशी असते आणि तिने ताणून परत यावे एवढेच तिचे काम असते. सुतात ती महिन्याभरात पसरट होते. शिवाय तेवढ्याच विणीचा सुती स्वेटर लोकरीपेक्षा जड होतो, ओला झाला की आणखी जड होतो आणि दोरीवर टांगला तर खाली लोंबतो. उकळते पाणी सूत सहन करते हे खरे आहे, परंतु रंग आणि बटणे ते सहन करतीलच असे नाही.

सह्यकडा, वडिलांच्या शालीसाठी बारीक मेरिनो घ्यायला हरकत नाही. मात्र तिच्या धुण्याचे नियम वेगळे पडतील, म्हणून त्यासाठी वेगळा धागा काढावा.

दूरदेशी | १३ सप्टेंबर, रात्री १०.१०

मी टोरोंटोला राहते. येथे बाळांसाठी बहुतेक सगळ्या जणी सुपरवॉश मेरिनो घेतात. माझ्या दोन्ही मुलांचे मेरिनोचे स्वेटर मी सरळ यंत्रात, इतर कपड्यांबरोबर धुतले आणि ड्रायरमध्येही थोडा वेळ टाकले. काही झाले नाही. लोकर हातानेच धुवायची, रिठ्यानेच धुवायची, सावलीतच वाळवायची हे सगळे जुन्या लोकरीसाठी आहे. पट्टीवर सुपरवॉश लिहिले असेल तर गोदाकाठ काकूंनी धुण्याची चिंताच करू नये.

उलटसुलट | १४ सप्टेंबर, सकाळी ७.४५

दूरदेशी, आपल्या अनुभवाशी माझे भांडण नाही, पण 'चिंताच करू नये' हे मला मान्य नाही.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. पाणी, साबण आणि घुसळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. यालाच आपण लोकर आटली म्हणतो. पाणी गरम असले की हे आणखी लवकर होते. सुपरवॉश करताना सहसा क्लोरीनच्या प्रक्रियेने हे खवले बोथट करतात आणि वर अतिशय पातळ राळेसारखा थर देतात. त्यामुळे लोकर आटत नाही. पण जे खवले तंतूंना एकमेकांत गुंतवतात, तेच विणीला जागेवर धरूनही ठेवतात. ते गेले की ओला स्वेटर वाढतो. पाण्यातून काढताना खांद्याला धरून उचलला, तर बाह्या बाळाच्या गुडघ्यापर्यंत येतील इतक्या लांब दिसू शकतात. ड्रायरमधला थोडा वेळ तो आकार परत आवळतो, आणि आपल्या अनुभवात त्याचाच मोठा हात असणार. नाशिकला किंवा पुण्याला ड्रायर फारच थोड्या घरी असतो. आपल्याकडे हा वाढलेला आकार तसाच राहण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरे म्हणजे साबण. बाळाच्या स्वेटरवरचा मुख्य डाग म्हणजे उलटीतले दूध. दुधात प्रथिन असते, आणि हल्लीच्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींमध्ये प्रथिन तोडणारी एन्झाइमे असतात. सुती आणि अ‍ॅक्रिलिकवर ती दूध काढतात आणि कापडाला धक्का लावत नाहीत. पण लोकर स्वतःच प्रथिन आहे. अशा पावडरीत ती पुन्हा पुन्हा भिजवली की तंतू हळूहळू झिजतो आणि स्वेटर कोपरांवर विरविरीत होतो. सुपरवॉशलाही यातून सुटका नाही. दुधाचा डाग आधी साध्या थंड पाण्यात सोडवावा, कारण गरम पाण्याने तो बसतो. मग लोकरीसाठी मिळणाऱ्या द्रवरूप साबणाने किंवा रिठ्याच्या गाळलेल्या पाण्याने धुवावे. क्लोरीनचे ब्लीच लोकरीला कधीही लावू नये, त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

दूरदेशी | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

ड्रायरचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. माझ्याकडे स्वेटर बाहेर टांगून वाळवला असता तर काय झाले असते, हे मला माहीत नाही. एन्झाइमची गोष्ट मात्र नवीन आहे. येथे बाळांच्या कपड्यांसाठीच्या पावडरीवर काय लिहिले आहे ते आज पाहीन.

गोदाकाठ | २१ सप्टेंबर, दुपारी ४.००

सर्वांचे आभार. उलटसुलट ताईंनी सांगितल्याप्रमाणे नमुने विणून धुतले. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सगळे लिहिते.

तिन्ही दोरे चार पदरी घेतले आणि दहा नंबरच्या सुयांवर प्रत्येकी चाळीस टाके घालून पन्नास ओळी विणल्या. कडेला चार-चार टाके सगळे सुलट ठेवले, म्हणजे कडा वळणार नाहीत. मधल्या २८ टाक्यांची रुंदी पट्टीने मोजली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अ‍ॅक्रिलिकचा आणि मेरिनोचा चौकोन जवळजवळ सहा-सहा ग्रॅमचे भरले, सुती आठचा. जाळूनही पाहिले. माझ्या घरातला, ज्याला मी वीस वर्षे 'शुद्ध लोकर' म्हणत आले तो जुना गुंडासुद्धा जाळून पाहिला आणि त्याचा काळा मणी झाला. वाईट वाटले, कारण तो मी तसाच सांगून दोन भाच्यांना विणून दिला होता.

अ‍ॅक्रिलिक: २८ टाके १० सेंमी, तीन धुण्यांनंतरही तेवढेच. चार तासांत सावलीत वाळले. दुकानातला तो गुळगुळीतपणा मात्र तिसऱ्या धुण्यानंतर राहिला नाही, आणि मी मुद्दाम आपसांत घासले तिथे बारीक गोळ्या आल्या. मानेला टोचले नाही, पण घरकाम करताना तेथे घाम आला आणि तो तसाच राहिला.

सुती: धुण्याआधी २८ टाके १० सेंमीपेक्षा किंचित जास्त, रुंदी बदलली नाही. उंची मात्र १० सेंमीची साडेनऊ झाली. वाळायला संध्याकाळपासून सकाळ लागली. तिसऱ्या धुण्यानंतर खरोखर मऊ झाला. बॉर्डरचा एक वेगळा तुकडा विणून ताणून पाहिला, तो परत आलाच नाही.

मेरिनो, सुपरवॉश: धुण्याआधी २८ टाके १० सेंमी. पाण्यात घातल्यावर ते साडेअकरा झाले आणि मी घाबरले. टॉवेलमध्ये गुंडाळून, न पिळता, पायाने हलके दाबून पाणी काढले आणि आडवे पसरून वाळवले, तेव्हा १०.६ वर आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या धुण्यातही तेथेच राहिले. सात-आठ तासांत वाळले. मानेला तासभर ठेवले आणि नंतर ते तेथे आहे हे विसरून गेले.

आता माझी अडचण अशी की मेरिनो घ्यावीशी वाटते, पण ती वाढते. मग माप कसे धरावे?

उलटसुलट | २१ सप्टेंबर, रात्री ८.५०

ताई, आपण फार नीट काम केले आहे. वाढ पहिल्याच धुण्यात होऊन पुढे स्थिर राहिली, हे आपल्या नमुन्यातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. जी वाढ आधी माहीत आहे, ती टाक्यांतून वजा करता येते.

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घालायचा म्हणजे तयार स्वेटरचा छातीचा घेर साधारण ४६ सेंमी धरू. धुण्याआधीच्या मापाने, म्हणजे २८ टाक्यांना १० सेंमी, आपण सुमारे १२८ टाके घातले असते. तोच स्वेटर पहिल्या धुण्यानंतर साडेअठ्ठेचाळीस सेंमी झाला असता. गळा खांद्यावरून घसरला असता आणि आपण विणीला दोष दिला असता. धुतलेल्या मापाने, म्हणजे २८ टाक्यांना १०.६ सेंमी, ४६ सेंमीला १२२ टाके पुरतात. सुईवर असताना तो थोडा अरुंद दिसेल, त्याला घाबरू नका. बटणपट्टीचे टाके याच्यावर वेगळे धरा. उंचीही नमुन्यावर मोजून तशीच काढा.

सुती निवडले असते तर हिशोब उलटा झाला असता. आपल्या नमुन्याची उंची शेकडा पाचने कमी झाली आहे, म्हणजे धुतल्यावर २६ सेंमी हवी असेल तर विणताना साडेसत्तावीसच्या जवळ जावे लागले असते.

अ‍ॅक्रिलिकला असा कोणताच हिशोब लागत नाही, हा त्याचा खरा गुण आहे आणि तो मी कमी लेखत नाही. फक्त त्याला इस्त्री लावू नका आणि वाफही देऊ नका. उष्णतेने त्याची लवचीकता कायमची जाते आणि बॉर्डर ओल्या कागदासारखी लुळी पडते. आणि आणखी एक, जे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावे लागेल. घरात बाळ-बाळंतिणीला शेकशेगडी, धुरी करणार असाल, तर त्या वेळी बाळाच्या अंगावर अ‍ॅक्रिलिक नको. ठिणगी पडली तर ते वितळून त्वचेला चिकटते. सूत लगेच पेट घेते. लोकर सहज पेटत नाही, तरीही शेगडीजवळ स्वेटर काढूनच ठेवावा.

मोगरा | २२ सप्टेंबर, सकाळी ९.४०

पण ताई, फेब्रुवारीनंतर मुलगी पुण्याला गेली की टॉवेलात गुंडाळणे, आडवे वाळवणे हे तिच्याकडून रात्रीची झोप नसताना होईल का? मला तर दोन महिन्यांच्या बाळाबरोबर स्वतःचे केस धुवायला वेळ मिळत नव्हता. मला अजूनही वाटते की आईला जमेल तेच धुणे ज्याला चालते, तोच दोरा बरोबर.

शिशिरपान | २२ सप्टेंबर, दुपारी १२.०५

बॉर्डर परत येत नाही, हे मला खरोखर माहीत नव्हते. मी सुती दोऱ्याने विणले ते दुपटे आणि टोपी, स्वेटर कधी विणला नव्हता, हे सांगायला हवे होते. पण निम्मे सूत आणि निम्मे अ‍ॅक्रिलिक असा मिश्र दोरा मिळतो. 'मिल्क कॉटन' नावाचाही मिळतो. त्यात दोघांचे गुण येणार नाहीत का?

उलटसुलट | २२ सप्टेंबर, रात्री ९.२०

मोगरा यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दोरा कोणता चांगला हे मी सांगू शकते. त्या घरात धुणे कोण आणि कोणत्या अवस्थेत करणार, हे गोदाकाठ ताई आणि त्यांची मुलगीच ठरवतील. एक सुचवते. मेरिनोचा धुतलेला नमुना मुलीकडे पाठवा आणि तिला तो तिच्या यंत्रात, तिच्या नेहमीच्या सवयीने धुवायला सांगा. तिला कोणत्याही सूचना देऊ नका.

शिशिरपान, मिश्र दोरा सुतापेक्षा हलका असतो, लवकर वाळतो आणि यंत्रात चालतो. पण बॉर्डर कितपत सावरते हे प्रमाणावर आणि पिळावर अवलंबून असते, आणि 'मिल्क कॉटन' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोऱ्यांमध्ये नेमके काय किती आहे, हे प्रत्येक पट्टीवर वेगळे दिसते. काहींत सूत नावापुरतेच असते. तोही नमुना धुऊनच पाहावा लागेल.

गोदाकाठ | ३ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

नमुना पुण्याला पाठवला होता. मुलीने तो बाळासाठी आणलेल्या नव्या झबल्यांबरोबर, जाळीच्या पिशवीत, तीस अंशांवर दोनदा धुतला आणि बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडवर आडवा टाकला. जाळीची पिशवी तिची स्वतःची कल्पना. ती तिचे बारीक कपडे तशीच धुते. पावडर नेहमीचीच वापरली होती, ती आता बदलेन म्हणाली. काल तिने नमुना परत आणला. २८ टाके १०.७ सेंमी भरले. आटलेला नाही, नमदाही झालेला नाही. कडेला थोडी लव आली आहे आणि हात लावल्यावर पहिल्यापेक्षा किंचित कोरडा लागतो. हे पावडरीमुळे की घुसळण्यामुळे, हे मला ओळखता येत नाही.

तिने तो गालाला लावून पाहिला आणि हाच घे म्हणाली. मोगरा यांचे म्हणणेही मी तिला वाचून दाखवले. त्यावर तिने सांगितले की रोजच्या वापरासाठी एक अ‍ॅक्रिलिकचाही विण, तो यंत्रात कसाही टाकता येईल, आणि मेरिनोचा रात्रीच्या थंडीसाठी ठेवू. तेव्हा दोन विणणार आहे. अ‍ॅक्रिलिकचा गळा आणि मनगटाची बॉर्डर उरलेल्या मेरिनोने विणता येईल का, असा विचार मनात आला आहे. दोन दोरे वेगळे वागतात हे पाहिल्यावर मात्र धीर होत नाही.

उलटसुलट | ३ ऑक्टोबर, दुपारी २.३०

ते करू नका, ताई. पहिल्या धुण्यात मेरिनोची बॉर्डर वाढेल आणि अ‍ॅक्रिलिकचे अंग तेथेच राहील, त्यामुळे गळा झालरीसारखा उभा राहील. शिवाय मग पूर्ण स्वेटरला मेरिनोचेच धुणे द्यावे लागेल आणि अ‍ॅक्रिलिक घेण्याचा हेतूच जाईल. अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरला गळा थोडा रुंद ठेवा आणि आतल्या झबल्याची पट्टी त्यावर दुमडून घ्या.

कोरड्या स्पर्शाविषयी माझा संशय पावडरीवर आहे, पण दोन धुण्यांत एन्झाइमचा परिणाम हाताला कळावा हे मला जरा लवकर वाटते. पुण्यातले पाणी जड असेल तर साबणाचा अंश तंतूवर बसूनही असे होते. तोच नमुना घरी रिठ्याच्या पाण्यात एकदा धुऊन पाहा. मऊपणा परत आला तर तो साबणाचा अंश होता; आला नाही तर तंतूच झिजला.

आणि मेरिनोचा स्वेटर उन्हाळ्यासाठी ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. दुधाचा डाग राहिलेल्या लोकरीला कसर सर्वांत आधी लागते.

गोदाकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री ९.५५

रिठे भिजत घातले आहेत. नमुना उद्या धुईन आणि वाळल्यावर येथे लिहीन. मेरिनोचे दोन गुंडे आणले आहेत, दोन्हींवरचा रंगाचा क्रमांक एकच आहे याची खात्री करून घेतली. १२२ टाके आज रात्रीच घातले, आणि बटणपट्टीचे सात-सात वेगळे. सुईवर खरोखरच अरुंद दिसते आहे.